नळीत पातळ, अंगात घट्ट

दिवस राहिल्यावर पहिल्याच तपासणीत बाईच्या दंडातून रक्त काढतात आणि त्यातून हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही, कावीळ अशा बऱ्याच गोष्टी पाहतात. त्यांतच व्हीडीआरएल नावाची एक चाचणी असते. ती गरमीची, म्हणजे सिफिलिसची. एखादीची ही चाचणी ‘पॉझिटिव्ह’ येते आणि घरात वादळ उठते. नवऱ्याची तपासणी होते, त्याचे रक्त स्वच्छ निघते, आणि मग सगळ्या नजरा बाईकडे वळतात. डॉक्टर जाणता असेल तर टीपीएचए ही खातरजमेची चाचणी करायला सांगतो. ती सिफिलिसच्या जंतूविरुद्धच तयार होणारी प्रतिपिंडे शोधते. ती निगेटिव्ह आली की ‘खोटी पॉझिटिव्ह होती, काळजी करू नका’ असे सांगितले जाते. कागद फाइलीच्या तळाशी जातो आणि बाई सुटकेचा श्वास टाकते.

बहुतेक वेळा यात खरोखरच काळजीचे काही नसते. मलेरिया, एखादा विषाणूचा ताप, कधी कधी गरोदरपण एवढ्यानेही ही चाचणी तात्पुरती फसते. पण काही बायांची व्हीडीआरएल महिनोन्‌महिने खोटीच पॉझिटिव्ह येत राहते. त्यांतल्या काहींच्या फाइलीत त्याच कागदाच्या मागेपुढे दोन-तीन गर्भपातांचे कागद लावलेले असतात, आणि या दोहोंचा एकमेकांशी संबंध असू शकतो हे कुणी बोललेले नसते. तो संबंध ज्या आजाराने जुळतो त्याचे नाव अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. डॉक्टर मंडळी त्याला नुसते एपीएस म्हणतात. अमेरिकेतल्या एका पाहणीनुसार १ लाख लोकांत साधारण ५० जणांना तो असतो. तो पुरुषांनाही होतो, पण बायकांना अधिक.

व्हीडीआरएल फसते कशी, हे कळले की आजाराची अर्धी गोष्ट कळते. या चाचणीच्या द्रावणात सिफिलिसचा जंतू नसतोच. त्यात असतो कार्डिओलिपिन नावाचा एक स्निग्ध पदार्थ. मेरी पँगबॉर्न या अमेरिकी संशोधिकेने १९४१ मध्ये तो बैलाच्या हृदयातून वेगळा काढला. सिफिलिस झालेल्या माणसाच्या रक्तात या पदार्थाला चिकटणारी प्रतिपिंडे तयार होतात, म्हणून ही चाचणी चालते. तशीच प्रतिपिंडे दुसऱ्या कारणाने रक्तात असली तरी चाचणीला फरक कळत नाही. १९५२ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील डॉक्टरांच्या लक्षात आले की, वर्षानुवर्षे खोटी पॉझिटिव्ह चाचणी येणाऱ्यांपैकी अनेकांना पुढे ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार होतो. त्याच वर्षी तिथल्याच कॉनली आणि हार्टमन यांनी ल्युपसच्या दोन रुग्णांचे रक्त काचेच्या नळीत गोठायला फार वेळ लावते, अशी नोंद केली. असे रक्त असणाऱ्याला रक्तस्राव व्हायला हवा, असा सगळ्यांचा कयास होता. पुढच्या वर्षांत दिसत गेले ते उलटेच. या रुग्णांच्या पायांत, फुप्फुसांत, मेंदूत गुठळ्या होत होत्या, आणि बायकांचे गर्भ टिकत नव्हते. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या ग्रॅहम ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडे मोजण्याची बारीक पद्धत काढली आणि या सुट्या सुट्या गोष्टी एका आजाराच्या धाग्यात ओवल्या. काही ठिकाणी आजही त्याला ह्यूज सिंड्रोम म्हणतात.

नळीत उशिरा गोठणारे रक्त शरीरात लवकर का गोठते? या आजारातला हा कळीचा प्रश्न आहे. तो नीट समजला नाही, की रुग्णाच्या हातातला अहवाल वाचताना डॉक्टरचीही गफलत होऊ शकते.

रक्त गोठताना त्यातले एकेक घटक एकमेकांना जागे करत जातात. ही कामगिरी वाहत्या रक्तात, अधांतरी होत नाही. तिला एक पृष्ठभाग लागतो, आणि तो पुरवतात फॉस्फोलिपिड नावाची स्निग्ध द्रव्ये. स्वयंपाकाला ओटा लागतो, तसा. शरीरात जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट आपले अंग उघडे करून हा ओटा मांडून देतात. प्रयोगशाळेत मात्र प्लेटलेट काढून टाकलेले रक्तद्रव्य घेतात आणि त्यात बाहेरून थोडेसे फॉस्फोलिपिड घालतात. ओटा मुद्दामच लहान ठेवलेला असतो. एपीएसच्या रुग्णाची प्रतिपिंडे त्या लहानशा ओट्यावर ठाण मांडून बसतात, गोठण्याच्या घटकांना जागा उरत नाही, आणि नळीतले रक्त उशिरा गोठते. द्रावणात भरपूर फॉस्फोलिपिड ओतले की जागा मोकळी होते आणि वेळ पुन्हा जवळपास जागेवर येतो. म्हणजे हा उशीर त्या नळीपुरता असतो. रक्त खरोखर पातळ झाले, असा त्याचा अर्थ नाही.

या गुणाची परीक्षा घेणाऱ्या दोन मुख्य चाचण्यांपैकी एकीत घोणशीचे विष वापरतात. हीच घोणस आपल्याकडे शेताच्या बांधावर आणि उसाच्या फडात आढळते आणि माणसे दगावतात. तिच्या विषातला एक घटक रक्त गोठण्याच्या साखळीतल्या दहाव्या घटकाला थेट जागे करतो, त्यामुळे साखळीतल्या आधीच्या कड्या वगळून पुढचा भागच तपासता येतो. विष अत्यंत पातळ करून, मोजक्या फॉस्फोलिपिडसह रक्तद्रव्यात घालतात आणि गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात. मग तेच रुग्णाचे रक्तद्रव्य निरोगी माणसाच्या रक्तद्रव्यात निम्मे निम्मे मिसळून पुन्हा मोजतात. एखादा घटक कमी असल्यामुळे उशीर होत असेल, तर निरोगी रक्तद्रव्य ती उणीव भरून काढते. पण अडथळा आणणारी प्रतिपिंडे असतील तर मिसळूनही उशीर तसाच राहतो. शेवटी फॉस्फोलिपिड वाढवून उशीर जातो का ते पाहतात. तिन्ही पायऱ्या जुळल्या की अहवालात ‘ल्युपस अँटिकोॲग्युलंट आढळले’ असे लिहितात. हे नाव ऐकून रुग्ण दोनदा घाबरतात. आपल्याला ल्युपस झाला असे त्यांना वाटते, आणि रक्त गोठत नाही असेही वाटते. बहुतेकांच्या बाबतीत पहिली भीती खरी नसते, आणि दुसरी तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट असते.

आता शरीरात काय घडते ते पाहू. बरीच वर्षे असे मानले जात होते की ही प्रतिपिंडे थेट स्निग्ध द्रव्याला चिकटतात. १९९० मध्ये तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी दाखवून दिले की मध्ये एक प्रथिन असते, बीटा-२ ग्लायकोप्रोटीन वन. ते प्रत्येकाच्या रक्तात गोल मुरडलेल्या अवस्थेत फिरत असते आणि सहसा कुणाला त्रास देत नाही. एखाद्या पेशीचे फॉस्फोलिपिड उघडे पडले की ते त्यावर बसते आणि उलगडते. उलगडल्यावर त्याचे एरवी झाकलेले टोक उघडे होते, आणि प्रतिपिंड नेमके ते पकडते. एक प्रतिपिंड अशी दोन प्रथिने एकत्र धरते, तेव्हा पकड घट्ट होते आणि खालच्या पेशीला चुकीचा निरोप जातो. रक्तवाहिनीचे आतले अस्तर एरवी गुळगुळीत आणि गुठळीला विरोध करणारे असते. या निरोपानंतर ते गुठळीला पोषक बनते. पांढऱ्या पेशी टिश्यू फॅक्टर नावाचा गोठणे सुरू करणारा घटक बाहेर काढतात, प्लेटलेट चिकट होतात, आणि ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची जळजळ घडवणारी प्रथिनांची यंत्रणा पेटते.

तरी प्रतिपिंडे असलेल्या प्रत्येकाला गुठळी होत नाही. कित्येक जण वर्षानुवर्षे धडधाकट असतात. बहुतेकदा दुसरा एखादा धक्का लागतो: मोठे ऑपरेशन, जबर ताप, बाळंतपण, दिवसेंदिवस अंथरुणाला खिळणे, इस्ट्रोजेनची गोळी, सिगारेट. प्रतिपिंडांनी जमीन तयार केलेली असते, धक्का ठिणगी टाकतो.

शिरांमधली गुठळी सहसा पायात होते. पोटरी एका बाजूला सुजते, दुखते, गरम लागते. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर अचानक धाप लागते आणि जीव जाऊ शकतो. रक्त गोठण्याचे आनुवंशिक दोष बहुधा शिरांपुरतेच राहतात. एपीएस मात्र धमन्यांतही गुठळ्या करतो, आणि त्यात मेंदूची धमनी सर्वांत जास्त वेळा सापडते. पस्तिशीतला माणूस, रक्तदाब नाही, साखर नाही, कोलेस्टेरॉल ठीक, आणि सकाळी दात घासताना तोंड वाकडे होते, उजवा हात उचलत नाही. धमन्यांच्या तपासणीत चरबीचा थर दिसत नाही. अशा तरुण माणसाच्या लकव्यात एपीएसची चाचणी करायलाच हवी. कधी या आजारात हृदयाच्या झडपांवर बारीक पुटे चढतात आणि गुठळी तिथून सुटून मेंदूत जाते. कातडीवर जांभळट जाळी दिसणे, प्लेटलेट किंचित कमी असणे याही खुणा असतात. प्लेटलेट कमी दिसल्या की डॉक्टर रक्तस्रावाचा विचार करतात, पण या आजारात प्लेटलेट कमी असतानाही गुठळी होते.

गर्भाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. पूर्वी समजूत अशी होती की वारेच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, बाळाचे रक्त तुटते आणि गर्भ जातो. उशिराच्या महिन्यांत हे बऱ्याचदा दिसते. वार लहान असते, तिच्यात रक्त न मिळाल्यामुळे मेलेले पांढुरके भाग दिसतात, बाळ वाढत नाही, आईचा रक्तदाब चढतो. पण आठव्या-नवव्या आठवड्यात गेलेल्या गर्भाच्या वारेत पुष्कळदा गुठळीच सापडत नाही. तिथे दुसरे काही चालू असते. वार तयार करणाऱ्या पेशींचे फॉस्फोलिपिड नैसर्गिकरीत्याच बाहेरच्या बाजूला उघडे असते. त्यावर बीटा-२ ग्लायकोप्रोटीन सहज बसते आणि मग प्रतिपिंडे येतात. या पेशींनी आईच्या गर्भाशयाच्या भिंतीत खोल शिरून तिथल्या रक्तवाहिन्या रुंद करायच्या असतात. प्रतिपिंडांमुळे त्यांचे हे काम अर्धवट राहते. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २००४ मध्ये उंदरांवर दाखवले की ही प्रतिपिंडे टोचल्यावर जाणारे गर्भ हेपारिनने वाचतात, पण रक्त पातळ करणाऱ्या काही इतर औषधांनी वाचत नाहीत. हेपारिन कॉम्प्लिमेंटची जळजळही थोपवते, म्हणून हा फरक पडला. गर्भ राहावा यासाठी हेपारिनच का देतात, याचे हे एक चांगले उत्तर आहे.

हे सगळे एका बाईच्या बाबतीत कसे उलगडते ते पाहू. हे उदाहरण मी रचले आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी रोजच्या वैद्यकीय व्यवहारातली आहे. समजा, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची २९ वर्षांची बाई. वजन ५८ किलो. पहिल्या खेपेला आठव्या आठवड्यात बाळाचे ठोके थांबले, दुसऱ्या खेपेला नवव्यात. तिसऱ्या खेपेला बाविसाव्या आठवड्यात हालचाल जाणवेना म्हणून सोनोग्राफी केली. बाळ दिवसांच्या मानाने लहान होते, पाणी कमी होते, ठोके नव्हते. घरी तोवर ‘हिच्या अंगात उष्णता आहे’, ‘जड उचलले असेल’ इथपासून पत्रिकेपर्यंत सगळे बोलून झाले होते.

दवाखान्यातही वाट चुकलेलीच होती. दुसऱ्या गर्भपातानंतर तिची टॉर्च नावाची महागडी चाचणी झाली. तीत मांजरांपासून किंवा कच्च्या मांसातून येणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मासारख्या संसर्गांविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडे आढळली आणि तिला महिनाभर औषधे दिली गेली. ही पद्धत आपल्याकडे फार रुजली आहे आणि ती चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. टॉर्चमधली आयजीजी पॉझिटिव्ह असणे म्हणजे कधी काळी तो संसर्ग होऊन गेला, एवढेच. असे जुने संसर्ग पुन्हा पुन्हा गर्भपात घडवत नाहीत. म्हणूनच वारंवार होणाऱ्या गर्भपाताच्या तपासणीत ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संस्था टॉर्चची शिफारस करत नाही. एपीएसची चाचणी मात्र करायला सांगते. टॉर्चवर गेलेल्या पैशात त्यातली एखादी चाचणी सहज झाली असती.

तिसऱ्या खेपेनंतर ती जिल्ह्याच्या ठिकाणी गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी फाइल पुढे ओढली आणि पहिला प्रश्न विचारला तो पोटाबद्दल नव्हताच. “ताई, पायाला कधी सूज आली होती?” सासूबाई म्हणाल्या, “कुठं काय?” पण तिला आठवले. लग्नाआधी टायफॉइड झाला होता, तीन आठवडे ती अंथरुणाला होती, आणि डावी पोटरी टम्म फुगली होती. माहेरच्या ट्रंकेत जुना डॉप्लरचा कागद निघाला. गुडघ्यामागच्या शिरेत गुठळी, असे त्यावर लिहिले होते. सहा महिने गोळ्या घेऊन तिने त्या बंद केल्या होत्या. फाइलीच्या तळाशी पहिल्या गरोदरपणातली व्हीडीआरएलही होती, खोटी पॉझिटिव्ह.

मग तीन चाचण्या झाल्या: कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडे, बीटा-२ ग्लायकोप्रोटीनविरोधी प्रतिपिंडे आणि घोणशीच्या विषाची चाचणी धरून ल्युपस अँटिकोॲग्युलंट. पहिल्यात आयजीजीची पातळी ६८ युनिट आली. चाळिशीच्या वर गेली की ती अर्थपूर्ण मानतात. उरलेल्या दोन्हीही पॉझिटिव्ह. डॉक्टरबाईंनी तरीही निदान लिहिले नाही. किमान १२ आठवड्यांनी तिन्ही चाचण्या पुन्हा करायला सांगितल्या. घरच्यांना हा वेळकाढूपणा वाटला. पण साध्या संसर्गानंतरही ही प्रतिपिंडे काही आठवडे दिसून नाहीशी होतात, आणि एकाच अहवालावर निदान ठरवले तर धडधाकट माणसाला जन्मभर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू होतात. तिचे १४ आठवड्यांनंतरचे आकडे जवळपास तेच आले. तिन्ही चाचण्या पुन्हा पुन्हा पॉझिटिव्ह येणारे रुग्ण सर्वांत जास्त धोक्यात असतात, म्हणून निदानासोबत ‘तिन्ही पॉझिटिव्ह’ हे शब्दही फाइलीवर ठळक लिहावे लागतात.

इथे नमुना कसा काढला यावर बरेच अवलंबून असते. ल्युपस अँटिकोॲग्युलंटसाठी निळ्या टोपणाच्या नळीत खुणेपर्यंत रक्त घेतात, आणि ते दोनदा सेंट्रिफ्यूज करून प्लेटलेट जवळजवळ पूर्ण काढून टाकतात. तालुक्याच्या लॅबमध्ये एकदाच फिरवून, गोठवून, कुरिअरने नमुना मोठ्या शहरात पाठवला तर उरलेल्या प्लेटलेट गोठताना फुटतात. त्यांच्यातले फॉस्फोलिपिड नळीत सांडते, ओटा अचानक मोठा होतो, आणि प्रतिपिंडे असूनही चाचणी निगेटिव्ह येते. उलट बाजूने, रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, विशेषतः नव्या प्रकारच्या, तर चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून नमुना देताना कोणते औषध, शेवटचे केव्हा घेतले, हे लॅबला सांगायलाच हवे. शक्य असेल तर गुठळीवरचे औषध सुरू होण्याआधीच नमुना घ्यावा. उरलेल्या दोन चाचण्यांवर या औषधांचा परिणाम होत नाही.

पायातल्या त्या जुन्या गुठळीमुळे तिच्या उपचाराची दिशा बदलली. ज्या बाईला फक्त गर्भपात झाले आहेत आणि गुठळी कधीच झालेली नाही, तिला दिवस राहिल्यावर रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि दिवसातून एकदा कमी मात्रेचे हेपारिन, म्हणजे सहसा ४० मिलिग्रॅम एनॉक्सापॅरिन, पुरते. हिला आधी गुठळी झालेली होती, म्हणून निदान होताच वॉरफरिन सुरू झाले. वॉरफरिन घेणाऱ्याला ठरावीक दिवसांनी आयएनआर तपासावे लागते, आणि ते २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. पालेभाज्या बंद करायच्या नसतात, त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवायचे असते. हल्लीच्या नव्या गोळ्यांना आयएनआरची कटकट नसते, म्हणून कुणालाही त्या बऱ्या वाटतात. पण तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांवर इटलीत रिव्हरॉक्सबॅन आणि वॉरफरिनची तुलना झाली, तेव्हा रिव्हरॉक्सबॅन घेणाऱ्यांत गुठळ्या, विशेषतः लकवे, इतके जास्त झाले की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. त्याचा अहवाल २०१८ मध्ये आला. अशा रुग्णाने आयएनआरचा कंटाळा येतो म्हणून परस्पर नवी गोळी घेणे धोक्याचे आहे.

वॉरफरिनचा मोठा दोष म्हणजे सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ते गर्भाची हाडे आणि नाक यांच्या वाढीत व्यंग आणू शकते. म्हणून पाळी चुकली की लगेच घरच्या घरी चाचणी करायची आणि पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी दवाखान्यात यायचे, असे तिला बजावले होते. तिने तसेच केले. वॉरफरिन बंद होऊन ६० मिलिग्रॅम एनॉक्सापॅरिन दिवसातून दोनदा सुरू झाले. हे इंजेक्शन वारेतून बाळापर्यंत जात नाही. बेंबीपासून दोन बोटे सोडून पोटाची कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत, औषध सावकाश, आणि सुई काढल्यावर जागा चोळायची नाही, कारण चोळले की निळे डाग पडतात. एक दिवस उजवी बाजू, एक दिवस डावी. पहिला आठवडा नवऱ्याने टोचले, मग ती स्वतःच टोचू लागली. सोबत ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन आणि कॅल्शियम.

हा उपचार किती चालतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात रज राय आणि सहकाऱ्यांनी ९० बायांवर केलेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसती ॲस्पिरिन घेणाऱ्या ४५ जणींपैकी १९ जणींच्या हातात बाळ आले, ॲस्पिरिनसोबत हेपारिन घेणाऱ्या ४५ जणींपैकी ३२ जणींच्या. म्हणजे उपचार नीट घेऊनही दहापैकी तिघींच्या पदरी निराशा आली. पुढे २००२ मध्ये ब्रिटनमध्येच झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात हेपारिनचा एवढा मोठा फायदा दिसला नाही, कारण त्यात नुसती ॲस्पिरिन घेणाऱ्याही बऱ्याच जणींना मूल झाले. तरीही आज जगभर हीच जोडी वापरली जाते. तिने गर्भ टिकला नाही तर पुढच्या खेपेला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन जोडण्याचा विचार करतात. गुठळी नसताना, नुसत्या गर्भपातांसाठी, स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रा देण्याची जुनी पद्धत मात्र मागे पडली आहे. तिने फायदा फारसा न होता रक्तदाब, साखर आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे वाढली.

आपल्या उदाहरणातली बाई विसाव्या आठवड्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी बाळाच्या वाढीची सोनोग्राफी आणि डॉप्लर करून घेत होती. वारेला जाणारा रक्तप्रवाह तेविसाव्या आठवड्यात किंचित अडखळताना दिसला, म्हणून रक्तदाब आठवड्यातून दोनदा मोजायचे ठरले. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे चमकणे, छातीच्या खाली उजवीकडे दुखणे ही लक्षणे सासूबाईंनाही पाठ करून घ्यायला सांगितली. सदतिसाव्या आठवड्यात कळा सुरू करण्याआधी चोवीस तास इंजेक्शन थांबवले, कारण अंगात हेपारिन असताना पाठीत भूल देता येत नाही. मुलगी झाली, २ किलो ३०० ग्रॅमची.

बाळंतपणानंतरचे सहा आठवडे गुठळीच्या दृष्टीने गरोदरपणापेक्षाही धोक्याचे असतात, आणि नेमके तेव्हाच ‘आता बाळ झाले, सुटलो’ म्हणून इंजेक्शने बंद होतात. गुठळी कधीच न झालेल्या बाईनेही हे सहा आठवडे हेपारिन घ्यायचे असते. हिला हेपारिन चालू ठेवूनच वॉरफरिन पुन्हा सुरू केले, आणि आयएनआर दोनच्या वर स्थिरावल्यावर इंजेक्शन थांबले. वॉरफरिन घेताना अंगावर पाजता येते.

पाळणा लांबवण्यासाठी तिला तांबी बसवली. इस्ट्रोजेन असलेल्या कोणत्याही गोळ्या तिला चालणार नाहीत, मग त्या गर्भनिरोधक म्हणून असोत की पाळी नियमित करायला दिलेल्या असोत. आपल्याकडे गणपती, लग्न, यात्रा आली की पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून सर्रास आणली जाते. ती बहुधा नॉरेथिस्टेरॉनची असते. त्या मात्रेत तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. एपीएस असलेल्या बाईने ती घेऊ नये. घरातल्या दुसऱ्या बाईने प्रेमाने पुढे केली तरीही.